एमडींचं पत्र आणि मुकादमाचा रविवार

वाचकाचं पत्र:

मी सांगली जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यात प्रकल्प व्यवस्थापक आहे. या ऑफ सीझनला नव्या टर्बाइनपर्यंत हाय प्रेशर स्टीम लाईन टाकायचं काम माझ्याकडे आहे. माणसं सगळी चीफ इंजिनिअर साहेबांची. एमडींनी माझ्या नावानं पत्र काढलं: 'सदर प्रकल्पाचे समन्वयन हे पाहतील, सर्वांनी सहकार्य करावे.' ते पत्र दाखवूनही स्टोअरकीपर वेल्डिंग रॉड देत नाही. वेल्डर सुरुवातीला माझं ऐकायचा. पण मी मिल फिटरला ट्रॅश प्लेटच्या सेटिंगबद्दल दोन शब्द सुनावले, तेव्हापासून वेल्डरही 'कशाला हे?' म्हणून विचारतो. उलट जड सामान उचलणाऱ्या खलाशांचे मुकादम अण्णा न बोलावता रविवारी गँग घेऊन हजर. माझे वडील याच कारखान्यात टाइमकीपर होते, एवढंच नातं. पुण्याच्या ट्रेनिंगमध्ये लेजिटिमेट, एक्स्पर्ट, रेफरंट अशा पॉवर शिकवल्या. माझ्याकडे यातली नेमकी कोणती आहे, आणि स्टोअरमध्ये ती का चालत नाही?

— 'समन्वयक', सांगली

उत्तर:

तिन्ही आहेत तुमच्याकडे. पण प्रत्येकीचं गिऱ्हाईक वेगळं आहे, आणि तुम्ही एकीचं काम दुसरीकडून करून घ्यायला निघालात.

ट्रेनिंगमध्ये जे शिकवलं त्याचं मूळ 1959 सालचं आहे. जॉन फ्रेंच आणि बर्ट्रम रेव्हन या अमेरिकेतल्या दोन सामाजिक मानसशास्त्रज्ञांनी पॉवरचे पाच आधार मांडले. तुम्ही लिहिलेले तीन, शिवाय बक्षीस देण्याची ताकद आणि शिक्षा करण्याची ताकद. शेवटच्या दोन तुमच्याकडे नाहीत. इन्क्रिमेंट तुमच्या हातात नाही, मेमोही नाही. 'एमडींना सांगतो' असं म्हणालात तर ती उसनी शिक्षेची पॉवर झाली. तिचा तोटा असा की माणूस तुमची नजर असेपर्यंतच काम करतो. तिला इथेच सोडू.

त्या मांडणीतली एक गोष्ट ट्रेनिंगमध्ये बहुधा निसटते, आणि तुमच्या पत्राचं उत्तर नेमकं तिच्यात आहे. पॉवर हा तुमच्या अंगातला गुण नसून समोरच्याच्या डोक्यात असलेलं तुमचं ऐकण्याचं कारण आहे. त्या कारणाला हद्द असते. हद्दीबाहेर वापरायला गेलात की तिथे तर चालत नाहीच, हद्दीच्या आतही ती कमी होते.

आता आधी स्टोअरच्या खिडकीवर जाऊ.

स्टोअरकीपर आडमुठा आहे असं तुम्हाला वाटतं. माझ्या मते तो त्याचं काम चोख करतोय. त्याच्याकडे इंडेंट म्हणजे मालाचं मागणीपत्र येतं, त्यावर खातेप्रमुखाची सही लागते, कोणत्या हेडला खर्च टाकायचा ते लागतं. वर्षाखेरीला ऑडिटर रॉडच्या पाकिटांचा हिशोब त्याच्याकडेच मागणार. तुमच्या पत्रात तुम्हाला इंडेंटवर सही करायचा अधिकार दिलेला नाही. 'सहकार्य करावे' यावर ऑडिटर समाधान मानत नाही. म्हणजे त्या खिडकीवर लेजिटिमेट, म्हणजेच पदाची पॉवर त्याच्याकडे आहे, तुमच्याकडे शून्य. पत्र दुसऱ्यांदा दाखवलंत तर शून्याखाली जाल, कारण आता त्याला खात्री पटते की यांच्याकडे यापलीकडे काही नाही.

पदाची पॉवर शुद्ध रूपात पाहायची असेल तर बाष्पके संचालनालयाचा बॉयलर इन्स्पेक्टर तपासणीला येतो तो दिवस आठवा. कदाचित तिशीतला पोरगा असेल. त्याला वेल्डिंग किती कळतं हे कुणाला माहीत नसतं, तो कुणाचा पाहुणा नसतो, चहा घेतो की नाही तेही ठाऊक नसतं. तरी त्याची सही झाल्याशिवाय त्या लाईनमध्ये वाफ जात नाही, आणि त्याबद्दल कुणाला रागही येत नाही. कायद्यानं ते काम त्याला दिलंय, हे चेअरमनपासून खलाशापर्यंत सगळ्यांना मान्य आहे. पदाची पॉवर या मान्यतेवर उभी असते. तुमच्या पत्राबाबत अशी मान्यता कुणाचीच झालेली नाही, कारण त्यात मान्य करण्यासारखं ठोस काहीच नाही.

तेव्हा एमडींकडून सुधारित पत्र घ्या. त्यात तीन गोष्टी स्पष्ट लिहिलेल्या हव्यात. मंजूर बजेटच्या आत या प्रकल्पाच्या इंडेंटवर तुमची सही चालेल. कोणते वेल्डर, फिटर आणि खलाशी कोणत्या तारखांना प्रकल्पाकडे असतील. आणि जोडाच्या दर्जात किंवा सुरक्षिततेत खोट दिसली तर काम थांबवायचा अधिकार तुम्हाला आहे. प्रती स्टोअर, अकाउंट्स, टाइम ऑफिस आणि चीफ इंजिनिअर यांना गेल्या पाहिजेत. मसुदा मात्र एमडींकडे नेण्याआधी चीफ इंजिनिअर साहेबांच्या टेबलावर ठेवा आणि माणसांच्या तारखा त्यांच्याच हातानं भरून घ्या. त्यांना डावलून आलेलं पत्र कितीही पक्कं असलं तरी फिटर मंडळी आधी साहेबांच्या तोंडाकडे बघतील. साहेबांनी स्वतः भरलेल्या तारखा मोडणं त्यांनाच जड जातं.

एवढं झाल्यावरही पदाच्या पॉवरकडून फार अपेक्षा ठेवू नका. ती माणसाला गेटच्या आत आणते, रॉडचं पाकीट काढून देते, काम थांबवते. काम मन लावून कसं करायचं, हे तिच्या हातात नाही. माणसं फक्त तिच्यावर चालायला लागली की लगेच कळतं: सांगितलं तेवढंच होतं. फ्लँज बसवला का? बसवला. गॅस्केट? ते तुम्ही बोललाच नव्हता.

तुमचा वेल्डर याच्या बरोबर उलट होता, म्हणून त्याचं बिघडणं मला जास्त टोचलं.

तुमची लाईन क्रोम-मॉलीच्या पाइपची असणार. त्यासाठी वापरतात त्या लो हायड्रोजन रॉडचं आवरण हवेतला ओलावा चटकन ओढतं, आणि ऑफ सीझनमध्येच आपल्याकडचा जून ते सप्टेंबर येतो. भिंतीवर हात ठेवला तर ओला होतो असे दिवस. ओल्या रॉडमधल्या पाण्यातून हायड्रोजन सुटतो, तो जोडात आणि जोडाशेजारच्या कडक झालेल्या धातूत शिरतो आणि तिथे चीर पडते. गंमत अशी की चीर लगेच पडतेच असं नाही. संध्याकाळी जोड चकचकीत दिसतो, आणि चीर काही तासांनी, कधी एक-दोन दिवसांनी उमटते. म्हणून पाकिटावर लिहिल्याप्रमाणे, साधारण 300 ते 350 अंशांवर तास-दोन तास, रॉड ओव्हनमध्ये भाजायचे. मग वेल्डरजवळच्या छोट्या गरम डब्यात ठेवून एकेक काढायचा. पाइपही वेल्डिंगआधी दीडशे अंशांच्या आसपास तापवायचा आणि टेम्परेचर चॉकनं तपासायचा.

हे सगळं करायचा वेल्डरला कंटाळा येतो. एक जोड करायला गेलं की अर्धा वेळ तापवण्यात जातो. तरी तो करत होता, कारण 'या साहेबाला पाइपातलं कळतं' असं त्याचं मत झालं होतं. ही एक्स्पर्ट, म्हणजे जाणकारीची पॉवर. एमडींचं पत्र नाही, तुमचं आडनाव नाही, तुम्हाला कळतं एवढंच कारण.

मग तुम्ही मिल हाऊसमध्ये गेलात.

ट्रॅश प्लेट ही तुमच्या प्रकल्पातली वस्तू नाही, आणि माझा अंदाज आहे की तुमच्या अभ्यासातलीही नाही. ती जरा उंच बसली तर मिलवरचा लोड चढतो आणि प्लेट झिजते. खाली बसली तर बगॅस मागच्या रोलरकडे नीट सरकत नाही. किती ठेवायची, हे त्या मिलचा रोलर किती झिजलाय, उसात फायबर किती येतो, गेल्या हंगामात चोक कुठे व्हायचा, यावर ठरतं. ते त्या फिटरच्या डोक्यात अनेक हंगामांचं साठलेलं आहे. तुम्ही बोललात ते चूक होतं की बरोबर, याला महत्त्वच नाही. वेल्डरनं त्यातून वेगळाच अर्थ काढला: हे साहेब माहीत नसलेल्या गोष्टीतही तेवढ्याच ठामपणे बोलतात. मग रॉड भाजण्याबद्दल बोलले तेही तसंच नसेल कशावरून? त्याचा 'कशाला हे?' तिथून आलाय. मिल हाऊसमधली बातमी वेल्डिंग शेडपर्यंत यायला चहाची एक सुट्टी पुरते.

दुरुस्ती दोन ठिकाणी करावी लागेल. मिल फिटरकडे जा आणि त्याला ट्रॅश प्लेटबद्दलच विचारा. माफी वगैरेचा कार्यक्रम करायची गरज नाही. 'मला समजावून सांगा, मी यात नवखा आहे' एवढं चारचौघांत म्हणा. जाणकार माणसानं आपली हद्द स्वतःहून सांगितली की हद्दीच्या आतलं त्याचं बोलणं पुन्हा वजनदार होतं.

वेल्डरचं काम थोडं निराळं आहे. तो 'कशाला?' विचारतोय त्याचा राग मानू नका, त्याचं उत्तर द्या. समजा पहिले बारा जोड झालेत आणि रेडिओग्राफीच्या फिल्म आल्या आहेत. त्याला प्रकाशपेटीसमोर बसवा. कुठल्या जोडात सच्छिद्रता दिसतेय ते त्याच्या बोटानं दाखवू द्या. मग ओव्हनची वही उघडा: तो जोड कुठल्या दिवशी झाला, त्या दिवशी रॉड किती वाजता काढले, गरम डब्याची वायर लावलेली होती का. आणि तिथेच हेही सांगा की बारीक चीर फिल्मवर प्रत्येक वेळी दिसत नाही. ती कुठल्या कोनात आहे यावर ते अवलंबून असतं, म्हणून रॉड भाजण्यात सूट नाही आणि जोडाच्या पृष्ठभागाची चाचणी एक-दोन दिवस थांबून करायची. फिल्म स्वच्छ निघाल्या तरी हे बोलणं करा.

यात एक बारीक फरक आहे. 'साहेबांना कळतं म्हणून ऐकतो' ही जाणकारीची पॉवर, आणि 'मला स्वतःला पटलं म्हणून करतो' ही तिच्या पुढची पायरी. रेव्हननं 1965 मध्ये माहितीची पॉवर म्हणून ती सहावी धरली. तिच्यात तुमची गरज संपते. वेल्डर रात्रपाळीला, तुम्ही घरी झोपलेले असताना, रॉड भाजतो. जाणकारी स्वतःजवळच दडवून ठेवणारे मॅनेजर मी बरेच पाहिलेत. त्यांना वाटतं सगळं सांगितलं तर किंमत कमी होईल. त्यांच्या साइटवर मग उलटा आजार होतो: माणसं स्वतः बघणंच बंद करतात. ड्रॉइंगमधली उघड चूकही कुणी दाखवत नाही, कारण 'साहेबांनी बघितलं असेल की'. तुमच्या साइटवर दोन-तीन दिवस एकही उलटा प्रश्न आला नाही तर खुश होऊ नका.

आता अण्णा. तुम्ही त्यांच्याबद्दल कौतुकानं लिहिलंय, पण मला तुमच्या तीन माणसांत सर्वात जास्त काळजी त्यांचीच वाटते.

अण्णा येतात ते तुमच्या पत्रामुळे नाही. पाइपातलं तुम्हाला किती कळतं याच्याशीही त्यांना देणंघेणं नाही. 'आपल्या टाइमकीपरचं पोरगं साहेब झालंय, त्याचं काम अडायला नको' हे त्यांचं कारण. रेफरंट म्हणतात ती हीच, आपलेपणाची पॉवर. त्यांना तुमच्यात आपलं काहीतरी दिसतं आणि तुमच्या डोळ्यांत आपण चांगले दिसावं असं वाटतं. ही पॉवर पत्रानं मिळत नाही, मागून मिळत नाही, आणि तुमच्या जागी उद्या दुसरा आला तर त्याला चार्जमध्ये देताही येत नाही. तुमच्या बाबतीत तर तिचा बराचसा भाग वडिलांनी कमावलेला आहे. तो जपून खर्च करा.

धोका कुठे आहे ते एका रविवारी पाहा. 8 इंची, शेड्यूल 80 जाडीचा पाइप मीटरला साधारण 65 किलो भरतो. सहा मीटरचा तुकडा म्हणजे जवळपास 390 किलो. तो पाइप रॅकवर चढवायचाय, रात्रभर पाऊस झालाय, स्ट्रक्चर निसरडं आहे. वायर रोप स्लिंगच्या काही तारा तुटलेल्या अण्णांना दिसतात. दुसऱ्या कुणाचं काम असतं तर त्यांनी 'हे आज होत नाही' म्हणून गँग खाली बसवली असती. पण तुम्ही खाली उभे आहात, शेड्यूल मागे पडलंय हे त्यांना माहीत आहे. ते वरून म्हणतात, 'हुतंय साहेब, तुम्ही नका काळजी करू.' ज्या माणसाला तुम्हाला नाराज करायचं नाही, तो तुम्हाला वाईट बातमी देत नाही. आपलेपणाची पॉवर बिघडली की अशी बिघडते: तक्रार बंद होते, सगळं 'हुतंय' होतं.

दुसरी गोष्ट हिशोबाची. तो रविवार टाइम ऑफिसच्या कागदावर आहे का? कायद्यानं साप्ताहिक सुट्टीला काम घेतलं तर बदली सुट्टी द्यावी लागते, आणि ठरलेल्या तासांवरच्या कामाला दुप्पट दरानं पैसे. अण्णा तुमच्याकडे ते मागणार नाहीत, मागायला त्यांना लाज वाटेल. गँगमधल्या पोरांना मात्र तुम्ही टाइमकीपरचे कोण लागता याच्याशी काही घेणं नसतं. ते अण्णांच्या शब्दाखातर येतात आणि मनातल्या मनात तास मोजतात. उद्या कुणाचा हात चेंगरला आणि हजेरीपटावर नावच नसलं, तर त्याच्या घरच्यांना भरपाईसाठी कुठवर फिरावं लागेल याचा विचार करा. ज्यांच्या वडिलांनी आयुष्यभर हजेरी लिहिली त्यांना मी हे अधिक काय सांगू.

म्हणून आपलेपणा आहे तिथे मुद्दाम पदाची पॉवर वापरा. रविवारचं काम लेखी, आदल्या दिवशी, चीफ इंजिनिअरांच्या सहीनं आणि टाइम ऑफिसच्या नोंदीनं. स्लिंग आणि चेन ब्लॉकची तपासणी सेफ्टी ऑफिसरच्या रजिस्टरवर, उचल सुरू व्हायच्या आधी. आणि अण्णांना सांगा की उचल थांबवायचा निर्णय त्यांचा, तो तुम्ही फिरवणार नाही. त्यांनी पहिल्यांदा 'आज नाही' म्हटलं की तिथल्या तिथे, गँगसमोर, 'ठीक आहे' म्हणा. कारण विचारायचं असेल तर नंतर विचारा. पहिल्याच नकाराला तुमचा चेहरा उतरला तर दुसरा नकार येणार नाही.

मग आपलेपणा वापरायचाच नाही का? वापरा, पण जिथे कुणाचा हक्क आणि कुणाचा जीव पणाला लागत नाही अशा जागी. चीफ इंजिनिअर साहेबांच्या जुन्या फिटरांनी तुमच्याशी बोलावं, मिल हाऊस आणि तुमच्या गँगमध्ये क्रेनवरून वाद झाला तर तो चहावर मिटावा, बेंदराच्या दुसऱ्या दिवशी किती माणसं खरंच येतील ते आधी कळावं. असल्या गोष्टी पत्रानं होत नाहीत, आणि अण्णांच्या एका शब्दानं होतात.

एक प्रसंग तुम्ही विचारलेला नाही, पण तो येणार. बॉयलर अग्निप्रदीपनाचा मुहूर्त ठरतो, पत्रिका छापल्या जातात, आणि शेवटच्या दोन जोडांचं हीट ट्रीटमेंट बाकी असतं. एमडी विचारतात, 'चालेल ना?' तिथे तुमचं पद कामाचं नाही, कारण ते त्यांनीच दिलंय. आपलेपणाही नाही. वर बोलताना तुमच्याकडे फक्त जाणकारी उरते, तीही कागदावर असेल तर. कुठले जोड बाकी, किती तास लागतील, चाचणी आणि इन्स्पेक्टरची सही यांना त्यानंतर किती वेळ, एवढं एका पानावर नेऊन द्या. अग्निप्रदीपनाची पूजा मुहूर्तावर होऊ शकते. त्या लाईनमध्ये वाफ सोडणं हे वेगळं काम आहे आणि ते नंतर होऊ शकतं. हे वेगळं करून सांगितलंत तर एमडींनाही चेअरमनसमोर बोलायला जागा मिळते.

सुधारित पत्र निघाल्यावर गणपतीत दोन दिवस रजा घ्या आणि फोन कमी उचला. परत आल्यावर कुणाला काही विचारू नका, तीन वह्या बघा. स्टोअरचं इंडेंट रजिस्टर पुढे सरकलं असेल तर पद लागू झालं. ओव्हनच्या वहीत त्या दोन दिवसांच्या वेळा आणि तापमान भरलेलं असेल तर वेल्डरला पटलंय. आणि स्लिंगच्या रजिस्टरमध्ये एखादी स्लिंग 'बाद' म्हणून अण्णांच्या सहीनं बाजूला काढलेली दिसली, तर त्यांना आवर्जून भेटून या.